पार्श्वभूमी: खांबांच्या पाच ऑर्डर आणि 7-8-9-10 चा तक्ता

आर्किटेक्चरच्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याच्या वहीत एक तक्ता सापडतो. खांबांच्या पाच ठरीव शैलींना, म्हणजे ऑर्डरना, त्यात एकेक आकडा दिलेला असतो: टस्कन 7, डोरिक 8, आयोनिक 9, कोरिंथियन 10, कॉम्पोझिट 10. खांबाची उंची ही तळाच्या व्यासाच्या इतकी पट, एवढाच त्याचा अर्थ. पाठ करायला सोपा, आणि वस्तुनिष्ठ प्रश्नाला उपयोगीही. घोळ होतो तो परीक्षेत फोटो किंवा रेखाचित्र देऊन 'ऑर्डर ओळखा' असं विचारलं की.

अथेन्सचं पार्थेनॉन घ्या. त्याचं बांधकाम इ.स.पू. 447 ते 432 मधलं, आणि डोरिक म्हटलं की तेच आठवतं. बाहेरच्या खांबांची उंची सुमारे 10.4 मीटर आणि तळाचा व्यास सुमारे 1.9 मीटर, म्हणजे गुणोत्तर साडेपाचच्या आसपास. तक्त्यात सर्वांत बुटका खांब टस्कनचा, तोही सात पट. मग तक्त्याच्या हिशेबाने पार्थेनॉन कुठेच बसत नाही. ग्रीकांनी नियम मोडलेला नाही, कारण तो तक्ता ग्रीकांचा नाहीच. तो इटलीत 1562 साली छापलेल्या एका पुस्तकातला आहे.

ग्रीकांकडे ठरीव आकडा नव्हता, काळानुसार सरकत जाणारा प्रमाणबोध होता. कोरिंथच्या अपोलो मंदिराचे इ.स.पू. सहाव्या शतकातले डोरिक खांब व्यासाच्या चौपटीहून थोडेसेच उंच आहेत. प्रचंड जाड, अखंड दगडाचे. शतकभरानंतर पार्थेनॉन साडेपाचवर येतं, आणि त्यानंतर आणखी शतकभराने बांधलेलं नेमिया इथलं झ्यूसचं मंदिर सहाच्याही पुढे जातं. तिन्ही डोरिकच. त्यामुळे ग्रीक डोरिकमधलं गुणोत्तर ऑर्डर सांगण्यापेक्षा काळ सांगायला जास्त कामाचं. 'कोणतं मंदिर आधीचं?' असा प्रश्न आला तर खांब किती जाड, आणि वरची उशीसारखी गादी किती पसरट, हे आधी बघावं.

आकड्यांची पहिली लिखित मांडणी आपल्याला मिळते ती रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियसकडून, ऑगस्टसच्या काळात. तो सांगतो की पुरुषाची उंची पावलाच्या सहापट, म्हणून डोरिक खांब सहापट केला, आणि स्त्रीच्या सडपातळ बांध्यावरून आयोनिक आठपट. पुढच्या पिढ्यांनी ते अनुक्रमे सात आणि नऊ केले, असंही तोच नोंदवतो. पावलाची गोष्ट ऐकायला छान आहे, पण ती आकड्यांना मागाहून चिकटवलेली वाटते. इतिहास म्हणून वाचू नये. महत्त्वाचं हे की व्हिट्रुव्हियसच्या हातात पाच ऑर्डर नाहीत. डोरिक, आयोनिक, कोरिंथियन आणि वेगळ्या प्रकरणात टस्कन मंदिर, इतकंच. कॉम्पोझिट त्याच्याकडे नाही. त्याचं शीर्ष, म्हणजे खांबाच्या डोक्यावरचा कोरीव भाग, रोममध्ये ठळक दिसतं ते टायटसच्या कमानीवर, व्हिट्रुव्हियसनंतर शंभरेक वर्षांनी.

पाचही ऑर्डर एका पानावर रांगेत उभ्या केल्या त्या इटालियन वास्तुविशारद सेर्लियोने, 1537 साली. त्याचे आकडे 6, 7, 8, 9, 10. म्हणजे तेव्हाही एकमत नव्हतं. मग 1562 मध्ये विन्योला या दुसऱ्या इटालियन वास्तुविशारदाचं पुस्तक आलं आणि परीक्षेतला तक्ता जन्माला आला. विन्योलाने रोममधले अवशेष मोजले. त्यातले चांगले मानले जाणारे नमुने निवडले, आणि जिथे माप अडचणीचं होतं तिथे थोडं ओढून-ताणून सरळ आकड्यांत बसवलं. 1570 मध्ये आणखी एक इटालियन वास्तुविशारद पलाडियो याने कोरिंथियनला साडेनऊ दिले. तरी चलती विन्योलाची झाली, कारण त्याची पद्धत कारागिराला सोपी होती. इटलीत प्रत्येक शहराचं लांबीचं माप वेगळं. त्याने माप काढूनच टाकलं आणि खांबाची तळाची त्रिज्या हेच एकक धरलं. त्याला मॉड्यूल म्हणतात. गाव बदललं तरी हिशेब तोच.

हिशेब असा. पूर्ण ऑर्डरचे तीन भाग: खाली पेडेस्टल, मध्ये खांब, वर एन्टॅब्लेचर, म्हणजे खांबांवर आडवा बसणारा पट्टा. विन्योलाच्या नियमाने पेडेस्टल खांबाच्या एक तृतीयांश आणि एन्टॅब्लेचर एक चतुर्थांश. म्हणून एकूण उंचीचे 19 भाग करायचे: 4 पेडेस्टल, 12 खांब, 3 एन्टॅब्लेचर. समजा दर्शनी भागावर मजल्याची उंची 9.5 मीटर आहे. एक भाग अर्ध्या मीटरचा. पेडेस्टल 2 मीटर, खांब 6 मीटर, एन्टॅब्लेचर दीड मीटर. इथपर्यंत ऑर्डर कोणती याने काही फरक पडत नाही. फरक पडतो तो व्यासात. डोरिक हवी असेल तर 6 भागिले 8, म्हणजे 75 सेंटीमीटर. कोरिंथियन हवी असेल तर 60. उंची तीच, खांब बारीक. पेडेस्टल नसेल तर पाच भाग करायचे, चार खांबाला आणि एक वरच्या पट्ट्याला.

हाच हिशेब उलटा चालवून फोटोवरून ऑर्डर काढायला गेलं की फसगत होते. खांब वर निमुळता होत जातो. विन्योलाच्या डोरिकमध्ये वरचा व्यास तळाच्या पाच षष्ठांश असतो. वरच्या उदाहरणात तो 62.5 सेंटीमीटर येईल. पट्टी चुकून वरच्या टोकाला लावली तर 6 भागिले 0.625, उत्तर 9.6, आणि डोरिक खांब कोरिंथियन ठरून मोकळा. दुसरी नेहमीची चूक म्हणजे खांबाची उंची मोजताना बेस आणि शीर्ष सोडून फक्त मधला दांडा मोजणं. खांब म्हणजे बेस, दांडा आणि शीर्ष तिन्ही मिळून. पेडेस्टल त्यात धरायचं नाही. शिवाय फोटो खालून वर पाहत काढलेला असेल तर कुठलंच गुणोत्तर भरवशाचं नाही. म्हणून आकडा शेवटी, पडताळ्यापुरता.

आधी बघायचं ते फ्रीझ, म्हणजे आडव्या पट्ट्याचा मधला थर. तिथे तीन उभ्या पट्ट्यांचे ठोकळे, म्हणजे ट्रायग्लिफ, आणि त्यांच्यामध्ये चौकोनी फलक असतील तर ती डोरिक. याइतकी पक्की खूण दुसरी नाही. शीर्षाकडे आधी बघायची सवय आपल्याला शाळेपासून लागलेली असते, पण टस्कन आणि डोरिकची शीर्षं दुरून सारखीच दिसतात. फ्रीझ कोरी, दांड्यावर खाचा नाहीत आणि खाली साधा गोल बेस असेल तर टस्कन. कॉर्निस, म्हणजे आडव्या पट्ट्याचा सर्वांत वरचा पुढे आलेला थर, त्याखाली दातांसारखे बारीक ठोकळे दिसले म्हणून आयोनिक लिहू नये. विन्योलाने डोरिकचे दोन प्रकार दिले आहेत आणि त्यातल्या एकात हे दात आहेतच.

मग बेस बघायचा. खांब थेट पायरीवर उभा, अंगावर धारदार कडांच्या खाचा, आणि ठेंगणा जाडजूड बांधा, तर ग्रीक डोरिक. आयोनिकच्या खाचांमध्ये धार नसते, सपाट अरुंद पट्टी सोडलेली असते. खाचाही विसाऐवजी चोवीस. मात्र बेस नाही एवढ्यावरून 'ग्रीक' म्हणायची घाई नको. रोममधलं मार्सेलसचं नाट्यगृह अस्सल रोमन, आणि तिथल्या तळमजल्याच्या डोरिक अर्धस्तंभांनाही बेस नाही.

मार्सेलसच्या शेजारी कोलोसियम ठेवून बघितलं की परीक्षेतला सर्वांत वादग्रस्त प्रश्न सुटतो. कोलोसियम इ.स. 80 मधलं. तळमजला डोरिक, दुसरा आयोनिक, तिसरा कोरिंथियन असं अनेक नोट्समध्ये छापलेलं असतं. काहींमध्ये तळमजला टस्कन. मार्सेलसच्या तळमजल्यावर ट्रायग्लिफ आहेत, कोलोसियमच्या तळमजल्यावर नाहीत. फ्रीझ कोरी, अर्धस्तंभ गुळगुळीत, खाली बेस. म्हणून टस्कन हे उत्तर जास्त बरोबर. पर्यायांत टस्कन नसेलच तर डोरिकवर खूण करावी आणि पुढे जावं. चौथ्या मजल्यावर खांब नाहीत, भिंतीला चिकटलेले चपटे पिलास्टर आहेत, आणि तेही कोरिंथियन. मजले चढताना ऑर्डर हलकी होत जाते हा नियम पाठ असलेले विद्यार्थी इथे हमखास कॉम्पोझिट लिहितात.

कॉम्पोझिट आणि कोरिंथियन यांतला फरक पानांत शोधायचा नाही, कारण अकॅन्थस या झुडपाची कोरलेली पानं दोन्हींत असतात. कोरिंथियनमध्ये कोपऱ्यांवरची वेटोळी बारीक असतात आणि पानांतून देठासारखी वर येतात. कॉम्पोझिटमध्ये ती आयोनिकसारखी ठसठशीत, तिरपी बसलेली, आणि दोन वेटोळ्यांच्या मध्ये अंड्यांच्या नक्षीची आडवी ओळ. ती ओळ दिसली की शंका नको. उलट चारही कोपऱ्यांना तिरपी वेटोळी आहेत पण खाली पानं मुळीच नाहीत, तर ती आयोनिकच. इटालियन वास्तुविशारद स्कामोत्झीने रूढ केलेला हा प्रकार नंतरच्या इमारतींवर खूप दिसतो.

आपल्याकडे या गोष्टीचा शेवटचा टप्पा दगडात उभा आहे. विन्योलाच्या तक्त्याला पहिला मोठा धक्का बसला तो स्टुअर्ट आणि रेव्हेट या दोन इंग्रजांमुळे. त्यांनी अथेन्सला जाऊन ग्रीक इमारती प्रत्यक्ष मोजल्या आणि 1762 पासून रेखाचित्रं छापायला सुरुवात केली. युरोपला अस्सल ग्रीक डोरिक नीट कळली ती तेव्हा. बेस नसलेला असा जाड खांब अनेकांना सुरुवातीला रानटीच वाटला. पुढे त्याचीच फॅशन झाली आणि ती कंपनी सरकारच्या इंजिनिअरांबरोबर मुंबईत आली. कर्नल थॉमस कूपरने आराखडा केलेला आणि 1833 मध्ये पूर्ण झालेला टाऊन हॉल, म्हणजे आजच्या एशियाटिक सोसायटीची इमारत. रुंद पायऱ्या चढून गेलात की आठ डोरिक खांबांची रांग समोर येते. खांबाच्या बुडाशी बघा. खाचा थेट फरशीपर्यंत उतरतात, मध्ये बेसची एकही गोल कड नाही. विन्योलाचा डोरिक खांब असा कधीच उभा राहत नाही. प्रश्नपत्रिकेत या इमारतीचा फोटो आला आणि पर्यायांत 'ग्रीक रिव्हायव्हल' व 'पलाडियन' दोन्ही असले, तर फक्त खांबाच्या बुडावरूनच पहिला पर्याय निवडता येतो.