स्मार्ट टीव्ही : अ‍ॅप-समर्थनाची समाप्ती

पडदा, आवाज व जोडण्या सुस्थितीत असूनही, उत्पादकाने अद्ययावतीकरण थांबवल्यामुळे जुन्या स्मार्ट टीव्हीवरील स्ट्रीमिंग अ‍ॅप्स एकेक करून बंद पडणे. ही अवस्था नेमकी केव्हापासून धरावी याबद्दल एकमत नाही. काही जण टीव्हीच्या आतल्या सॉफ्टवेअरची, म्हणजे फर्मवेअरची, शेवटची आवृत्ती निघाली ती तारीख धरतात, तर काही जण सेवेने संचाला प्रवेश नाकारला ती. दोहोंमध्ये पुष्कळदा काही वर्षांचे अंतर असते. पाहणाऱ्याच्या दृष्टीने दुसरी तारीखच खरी, कारण तोवर सगळे सुरळीत चाललेले असते.

या प्रकाराचे पहिले मोठे उदाहरण बहुधा एप्रिल २०१५ मधले असावे. तेव्हा यूट्यूबने माहिती पुरवण्याची जुनी पद्धत बंद केली आणि २०१२ व त्याआधी बनलेल्या अनेक संचांवरील अ‍ॅप निकामी झाले. डिसेंबर २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने सॅमसंगच्या २०१० व २०११ सालच्या काही संचांवरील सेवा थांबवली. मॉडेल क्रमांकात पडद्याच्या मापानंतर C किंवा D हे अक्षर असलेले ते संच. कंपनीने कारण ‘तांत्रिक मर्यादा’ एवढेच दिले. प्रोसेसर कमी पडला, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार या संचांत चित्रपटाचे कुलूप उघडण्याची जुनी विंडोज मीडिया प्रणाली होती आणि नेटफ्लिक्स तिच्याऐवजी प्लेरेडीकडे वळले होते. हेच मत अधिक पटते, कारण आदल्या दिवशीपर्यंत याच संचांवर चित्र व्यवस्थित दिसत होते.

तिसरे कारण क्वचितच सांगितले जाते, पण अनेक अ‍ॅप्स एकदम बंद पडतात तेव्हा आधी त्याचाच विचार करावा. विश्वासार्ह मूळ प्रमाणपत्रांची एक यादी टीव्हीच्या फर्मवेअरमध्ये असते. कोणताही सर्व्हर आपली ओळख पटवणारे प्रमाणपत्र दाखवतो आणि टीव्ही त्याची साखळी या यादीपर्यंत जुळते का ते पाहतो. मूळ प्रमाणपत्रालाही मुदत असते. DST Root CA X3 या मूळ प्रमाणपत्राची मुदत ३० सप्टेंबर २०२१ ला संपली. त्याची जागा घेणारे ISRG Root X1 ज्या संचांच्या यादीत नव्हते, त्यांना Let's Encrypt या संस्थेची प्रमाणपत्रे वापरणारी संकेतस्थळे अनोळखी ठरली. यादी फक्त फर्मवेअरमधून बदलते आणि तेच येणे थांबलेले असते. टीव्हीचे घड्याळ मागे नेण्याचा उपाय सुचवला जातो, पण तो चालत नाही. मूळ प्रमाणपत्र मुदतीत येते खरे, मात्र सर्व्हरचे स्वतःचे ९० दिवसांचे नवे प्रमाणपत्र ‘अजून लागू नाही’ असे ठरते.

कारण ओळखण्यासाठी त्याच वाय-फायवर, त्याच खात्याने फोनवर सेवा चालते का ते पाहावे. फोनवर चालत असेल आणि टीव्हीवर एकच अ‍ॅप ‘या उपकरणावर उपलब्ध नाही’ असे सांगत असेल, तर सेवेनेच हात काढून घेतला आहे. सगळीच अ‍ॅप्स एकदम अडली असतील तर आधी टीव्हीची तारीख तपासावी. वीज गेल्यावर ती बऱ्याच वर्षांनी मागे गेलेली आढळते आणि नीट लावताच अ‍ॅप्स पुन्हा चालू होतात. तारीख बरोबर असूनही ती चालत नसतील तर संशय प्रमाणपत्रांवर जातो. फॅक्टरी रिसेट मात्र टाळावा. त्यात अजून चालणारे अ‍ॅप पुसले जाते आणि स्टोअरमधून ते परत मिळेलच असे नाही.

टिकाऊ मार्ग म्हणजे एचडीएमआय पोर्टला स्ट्रीमिंग स्टिक किंवा बॉक्स जोडून टीव्हीला निव्वळ पडदा म्हणून वापरणे. २०११ चा फुल एचडी संच घेतला, तर पहिली अडचण विजेची येते. टीव्हीच्या यूएसबी २.० पोर्टमधून प्रमाणानुसार अर्धा अँपिअर मिळतो, स्टिकला बहुधा एक लागतो. मग चित्रपट मध्येच थांबून स्टिक पुन्हा सुरू होते. सोबतचा अडॅप्टर भिंतीच्या सॉकेटला लावला की हे थांबते. चित्र आहे पण आवाज नाही, असे झाल्यास स्टिकच्या सेटिंगमध्ये आवाज डॉल्बीऐवजी स्टिरिओ पीसीएम करावा. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर टीव्हीच्या चित्रमाप मेनूत Screen Fit किंवा Just Scan निवडावे. शेवटी टीव्हीचे स्वतःचे वाय-फाय काढून टाकावे, कारण सुरक्षा-दुरुस्त्या न मिळणारे उपकरण घरच्या नेटवर्कवर ठेवण्याचे आता काही कारण उरत नाही.

जुने 4K संच असल्यास एक मर्यादा राहते. पोर्टला चित्राची नक्कल रोखणारी एचडीसीपी २.२ ही सोय नसेल तर सशुल्क सेवा 4K चित्र देत नाहीत आणि साधारणपणे फुल एचडीवरच समाधान मानावे लागते. एकाच संचाच्या काही पोर्टना ही सोय असते, काहींना नसते, म्हणून स्टिक प्रत्येक पोर्टला लावून पाहावी.

कायदेशीर संरक्षण तुटपुंजे आहे. युरोपीय संघाच्या मार्च २०२१ पासून लागू असलेल्या नियमानुसार मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यापासून किमान ८ वर्षे उपलब्ध असलेले सर्वांत नवे फर्मवेअर मिळत राहावे लागते. मात्र उत्पादकाखेरीज दुसऱ्या कंपनीचे अ‍ॅप चालूच राहील, अशी हमी त्यात नाही.