लाडक्या प्राण्यासाठीची प्रार्थना: मागणं कुणासाठी?

घरातलं कुत्रं किंवा मांजर गेलं की सगळ्यांनी मिळून दोन-चार ओळी म्हणायच्या, ही प्रथा आजकालची वाटते. त्यामागचं मागणं मात्र फार जुनं आहे. 1935 मध्ये इजिप्तमधल्या गिझा इथे एक कोरीव दगड सापडला. तो साधारण सव्वाचार हजार वर्षांपूर्वीचा. राजाच्या राखणदार कुत्र्याला शवपेटी, तलम कापड, धूप आणि सुगंधी लेप देऊन पुरलं, असं त्यावर लिहिलं आहे. महान देवासमोर त्याचा मान राहावा म्हणून हे सगळं केलं, असं कारणही दिलंय. म्हणजे मागणं थेट कुत्र्यासाठी होतं.

रोमन काळात सूर बदललेला दिसतो. ब्रिटिश म्युझियममध्ये मार्गारिटा नावाच्या शिकारी कुत्रीची संगमरवरी पाटी आहे. तिच्यावर कुत्री स्वतःच बोलते: गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात जन्मले, रानं तुडवली, साखळी किंवा मार कधी माहीत नव्हता, धन्याच्या मांडीवर झोपायचे, आणि पिल्लांना जन्म देताना गेले. देवाकडे मागणं काहीच नाही, नुसती आठवण. मला स्वतःला ही पाटी कुठल्याही स्तोत्रापेक्षा जवळची वाटते.

ख्रिस्ती परंपरेत खरी अडचण आली. प्राण्याचा आत्मा देहाबरोबरच संपतो, असं तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मतत्त्वज्ञाने मांडलं. मग आत्म्याला शांती मागायची तरी कशी? जिवंत जनावरांना आशीर्वाद देण्याची रीत होती. मेलेल्यांसाठीचे विधी माणसांपुरतेच राहिले. लंडनच्या हाइड पार्कमध्ये 1881 पासून पाळीव प्राणी पुरले जाऊ लागले, तेव्हा ही कोंडी दगडांवरच उमटली. पुन्हा भेट होईल असं मानता आलं असतं तर दुःख निम्मं झालं असतं, अशा आशयाच्या ओळी तिथे आहेत.

अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्च या ख्रिस्ती पंथाने 2012 च्या महाअधिवेशनात लाडक्या प्राण्यांसाठीच्या विधी-प्रार्थनांना मंजुरी दिली. आत्म्याच्या वादाला बगल देता येते, ती मागण्याचा रोख बदलून. प्राण्याला मोक्ष मागायचा नाही; तो प्राणी आपल्याला मिळाला म्हणून आभार मानायचे, ज्याने घडवला त्याच्या हाती तो परत द्यायचा आणि मागे राहिलेल्यांसाठी धीर मागायचा. घरगुती प्रार्थना याच वळणाने जाते:

‘तू आम्हाला हा जीव दिलास. दाराशी वाट पाहणं, पायाशी निजणं, सगळं त्याने भरभरून दिलं. त्याची सेवा करताना काही उणं राहिलं असेल तर क्षमा कर. आता तो तुझ्या हवाली. आम्हाला बळ दे.’

क्षमेची ओळ बरेचदा गाळतात. पण इंजेक्शन देऊन प्राण्याला शांतपणे जाऊ देण्याचा निर्णय घरच्यांनीच घेतला असेल, तर नेमकी तीच लागते. देव न मानणाऱ्या घरात ‘तुझ्या हवाली’ वगळून प्राण्यालाच नावाने हाक मारतात आणि आभार त्याचेच मानतात.