ड्रॅग-अलाँगची नोटीस आली की सही अडवून ठेवू नका, आधी हे वाचा

गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या ऑफिसात एकच प्रश्न सारखा येतोय. सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीतले, अक्कलकोट रोडचे, टॉवेलवाले, गारमेंटवाले, सगळे तोच विचारतात. "मालक, माझे शेअर माझ्या नावावर आहेत, मी सही केली नाही तर इन्व्हेस्टर ते विकणार कसे?" प्रत्येकाला तासभर बसवून सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच ठेवलं.

सरळ उत्तर असं की विकू शकतात. कारण ती सही तुम्ही आधीच देऊन बसलाय, इन्व्हेस्टर आला त्या दिवशी शेअरहोल्डर्स अॅग्रीमेंटवर केली ती. त्यात ड्रॅग-अलाँगचं कलम असतं. ठरलेल्या टक्क्यांच्या मालकाने सगळी कंपनी बाहेरच्या खरेदीदाराला विकायची ठरवली तर बाकीच्यांनी आपापले शेअर त्याच खरेदीदाराला, कलमात लिहिलेल्या हिशोबाने विकायचे, असा तो शब्द आहे. आणि त्याच कागदात बहुतेक वेळा एक पॉवर ऑफ अॅटर्नीही असते, म्हणजे तुम्ही मुदतीत सही नाही केली तर तुमच्या वतीने कंपनीचा डायरेक्टर किंवा इन्व्हेस्टरने नेमलेला माणूस सही करतो आणि तुमचे पैसे एस्क्रो, म्हणजे तिसऱ्याकडे राखून ठेवलेल्या, खात्यात टाकून ठेवतो.

हे कलम इन्व्हेस्टर मागतो कशाला ते समजून घ्या. समजा त्याच्याकडे 60 टक्के आहेत. नुसते 60 टक्के घ्यायला मोठा खरेदीदार सहसा तयार होत नाही, कारण कंपनीची नियमावली म्हणजे आर्टिकल्स बदलायचे म्हटले तरी स्पेशल रिझोल्यूशन लागतं, म्हणजे 75 टक्के मतं, आणि मागे राहिलेल्यांकडे 10 टक्के शेअर जरी असले तरी ते अन्याय होतोय म्हणून एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या तंट्यांच्या न्यायाधिकरणात, अर्ज करू शकतात. पैसे देऊन कोण भांडण विकत घेईल? उरलेल्यांचे शेअर घ्यायची कंपनी कायद्यात जी वाट आहे ती 90 टक्क्यांपासून सुरू होते, 60 वाल्याला तिचा उपयोग नाही. म्हणून तो करारात लिहून घेतो. त्यातून इन्व्हेस्टर बहुतेक वेळा फंड असतो, फंडाची मुदत ठरलेली असते, सेबीच्या नियमात ती वाढवायची म्हटलं तरी सहसा जास्तीत जास्त 2 वर्षं, त्यामुळे मुदत संपत आली की त्याला विकावंच लागतं. यात त्याची दुष्टाई काही नाही, पण तुमची सोय बघणं हे त्याचं कामही नाही.

आता आकड्यांत बघू. आकडे समजावण्यापुरते घेतलेत, पण असंच घडतं.

टॉवेलची एक प्रायव्हेट लिमिटेड, एकूण 1 लाख शेअर. इन्व्हेस्टरने 18 कोटी घालून 60,000 घेतले, तेही साधे नाही तर कन्व्हर्टिबल प्रेफरन्स, म्हणजे पैसे आधी मिळणारे आणि हवं तर साध्या शेअरमध्ये बदलता येणारे. घरच्यांकडे 40,000 राहिले, त्यात अण्णांचे 22,000, पुतण्यांचे 10,000 आणि पहिल्या लूमपासून सोबत असलेल्या मास्तरांचे 8,000. काही वर्षांनी इन्व्हेस्टरने खरेदीदार आणला, कंपनीचा भाव ठरला 40 कोटी, आणि 21 दिवसांची ड्रॅग नोटीस आली. अण्णांनी लगेच हिशोब केला, 22 टक्के म्हणजे 8 कोटी 80 लाख. हातात किती येणार? 4 कोटी 40 लाख. बरोबर निम्मे.

यात फसवणूक कुठेच नाही, सगळं अण्णांनी सही केलेल्या कागदात होतं. 40 कोटी हा धंद्याचा भाव, त्यातून बँकेची टर्म लोन आणि कॅश क्रेडिट मिळून 14 कोटी आधी वजा झाले, शेअरवाल्यांसाठी उरले 26. मग लागला प्रेफरन्सचा नियम. इन्व्हेस्टरने एकतर घातलेले 18 कोटी आधी उचलायचे नाहीतर 60 टक्के घ्यायचे, जे जास्त असेल ते. 26 चे 60 टक्के होतात 15 कोटी 60 लाख, म्हणून त्याने 18 उचलले. राहिले 8 कोटी, त्याला भागिले 40,000 शेअर, म्हणजे शेअरला 2,000 रुपये. अण्णांना 4 कोटी 40 लाख, पुतण्यांना 2 कोटी, मास्तरांना 1 कोटी 60 लाख.

आता यातली जी गोष्ट आम्ही प्रत्येकाला दोनदा सांगतो ती नीट वाचा. या कंपनीत शेअरवाल्यांच्या वाट्याला 18 कोटी येवोत की 30 कोटी, इन्व्हेस्टरला तेवढेच 18 मिळतात. 30 च्या पुढे गेलं तरच त्याचे 60 टक्के 18 पेक्षा जास्त होतात. म्हणजे 18 ते 30 च्या मधला प्रत्येक रुपया घरच्यांचा आहे, पण खरेदीदारासमोर बसून भाव ठरवणार इन्व्हेस्टर, आणि त्या टप्प्यात भाव वाढवून त्याला काहीच मिळत नाही. मग तो 26 ला हो का म्हणणार नाही? म्हणून ड्रॅगच्या कलमात किमान भाव लिहून घ्यायचा असतो, की शेअरवाल्यांच्या हाती, कर्ज वजा जाता, एवढे कोटी येत नसतील तर ड्रॅग लागू नाही. या उदाहरणात तो आकडा 30 च्या खाली नको. "शेअरला सारखाच भाव" एवढं एक वाक्य बघून लोक निश्चिंत होतात, पण तो सारखेपणा एकाच प्रकारच्या शेअरमधला असतो, प्रेफरन्स आणि इक्विटीमधला नाही.

किमान भाव सही करतानाच घालता येतो. नोटीस आल्यावर नाही. करार सही व्हायच्या आधी आमच्याकडे आणा असं आम्ही म्हणतो ते यासाठीच, आणि वाचायची फी आम्ही वेगळी घेतो तेही यासाठीच, कारण शंभर-सव्वाशे पानांचा करार, सोबत आर्टिकल्स आणि शेअर रजिस्टर, हे सगळं एकमेकाशी लावून वाचायला दोन-तीन दिवस जातात. काहीजण म्हणतात इन्व्हेस्टरच्या वकिलाने समजावलंय की. समजावलं असेल, पण तो वकील त्यांचा आहे. आम्हीही एका फाइलमध्ये दोन्ही बाजूंचं काम घेत नाही, कितीही जुनी ओळख असली तरी.

आता ती चूक, जिच्यात सगळ्यात जास्त वेळ जातो. नोटीस येते, माणूस चिडतो, लिफाफा कपाटात ठेवतो आणि 21 दिवस गप्प बसतो, की सही नाही तर व्यवहार नाही. बाविसाव्या दिवशी पॉवर ऑफ अॅटर्नीवर शेअर जातात, आणि मग ते आमच्याकडे येतात. तेव्हा करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. तेच पहिल्या दोन-चार दिवसांत आले तर बरंच काही होऊ शकतं.

सगळ्यात आधी आम्ही बघतो की ड्रॅग खरंच लागू आहे का. करारात 75 टक्क्यांची अट असेल आणि इन्व्हेस्टरकडे 60 च असतील तर विषय तिथेच थांबतो. खरेदीदार इन्व्हेस्टरच्याच घरातला दुसरा फंड निघाला तर "बाहेरच्या" खरेदीदाराची अट मोडते. आणि हे कलम कंपनीच्या आर्टिकल्समध्ये घेतलंय का? 1991 च्या रंगराज खटल्यात सुप्रीम कोर्टाने घरच्या प्रायव्हेट कंपनीबद्दल म्हटलं होतं की शेअर ट्रान्सफरवरचं जे बंधन आर्टिकल्समध्ये नाही ते कंपनीला बांधत नाही. त्यामुळे नुसत्या करारात राहिलेल्या ड्रॅगला अडवायला जागा मिळू शकते. पण यावर फार भरवसा ठेवू नका, फंडाचे वकील पैसे यायच्या आधीच आर्टिकल्स बदलून त्याचा कंपनी रजिस्ट्रारकडचा फॉर्म एमजीटी-14 भरून घेतात, आमच्याकडे आलेल्या बहुतेक फाइलींत ते झालेलंच होतं.

ड्रॅग लागू असेल तर भाव सोडून बाकी अटींवर बोलता येतं, आणि इथेच मास्तरांसारख्या छोट्या भागीदाराचं नुकसान वाचतं. खरेदीदार विकणाऱ्या सगळ्यांकडून हमी मागतो, की जीएसटी नीट भरलाय, पीएफची थकबाकी नाही, डाइंगच्या पाण्याची परवानगी आहे. मास्तरांनी आयुष्यभर लूम बघितले, पीएफचे चलन त्यांनी कधी हातात धरले नाही, तरी "सर्वजण एकत्र आणि वेगवेगळे जबाबदार" अशा ओळीखाली सही केली तर उद्या 5 कोटींचा दावा एकट्या मास्तरांवरही येऊ शकतो. आम्ही लिहून घेतो की शेअर माझे आहेत आणि त्यावर कुणाचा बोजा नाही एवढीच माझी स्वतःची हमी, कंपनीबद्दलच्या हमीत माझा वाटा फक्त 8 टक्के, आणि कुठल्याही परिस्थितीत मला मिळालेल्या रकमेच्या वर नाही. खरेदीदाराला वेळेत व्यवहार पूर्ण करायचा असतो, तेव्हा खुशीने सही देणाऱ्या माणसाचं तो हे ऐकतो. पॉवर ऑफ अॅटर्नीवर सही झाली तर ऐकायला समोर कोणी बसलेलंच नसतं.

तसंच धंदा न करण्याची अट. तीन वर्षं टॉवेलच्या धंद्यात यायचं नाही, ही अट अण्णांना चालेल, पैसे मिळालेत, वयही झालंय. मास्तरांना दुसरं काय येतं? ती ओळ त्यांच्यासाठी काढून घ्यायला सांगायचीच.

कागदी सर्टिफिकेट घरात दडवून व्यवहार थांबवता येईल असंही काहींना वाटतं. स्मॉल कंपनी सोडली तर बाकी प्रायव्हेट कंपन्यांचे शेअर आता डिमॅटमध्ये असल्याशिवाय ट्रान्सफर होत नाहीत हे खरं, पण कागद दडवला तर तुमच्यावर करारभंगाचा दावा होतो आणि तुमचेच पैसे एस्क्रोत अडकून पडतात. त्याहून वाईट म्हणजे शेअर अजून वारलेल्या वडिलांच्याच नावावर असणं. वारसांच्या नावावर करायला कागद, ना-हरकती, कधी कोर्टाचा दाखला, 21 दिवसांत यातलं काही होत नाही. तुमच्या घरात असे शेअर असतील तर नोटिशीची वाट बघू नका, ते काम आत्ताच आमच्याकडे द्या. डिमॅट आणि वारसाच्या नोंदीची फी आम्ही सुरुवातीलाच सांगतो, मधे वाढवत नाही.

नोटीस आली असेल तर येताना लिफाफ्यासकट आणा, मिळाल्याची तारीख त्यावरून मोजतात, ईमेलने आली असेल तर ईमेल फॉरवर्ड करा. सोबत सही केलेला पूर्ण करार, त्यानंतर झालेले सगळे दुरुस्ती करार आणि तुमचं डिमॅट स्टेटमेंट. आर्टिकल्स नसतील तर राहू द्या, ते आम्ही कंपनी मंत्रालयाच्या, म्हणजे एमसीएच्या, साइटवरून काढतो. आणि येईपर्यंत इन्व्हेस्टरला किंवा खरेदीदाराला फोनवर, व्हॉट्सअॅपवर हो किंवा नाही काहीही कळवू नका, "नोटीस मिळाली, सल्ला घेऊन मुदतीत कळवतो" एवढंच लिहा.