पुढे आलेल्या तुळईचं टोक किती खाली जाईल?

दोन आधारांवर ठेवलेली तुळई एका आधाराच्या पुढे काढली की त्या मोकळ्या भागाला ओव्हरहँग म्हणतात. टोकावर वजन ठेवलं तर टोक किती खाली जाईल, असं विचारलं की बहुतेकांची नजर मोकळ्या भागाकडे जाते. तो पातळ आहे की जाड, लांब आहे की आखूड, एवढंच पाहिलं जातं. प्रत्यक्षात टोक खाली जातं त्यातला मोठा वाटा बऱ्याचदा मागच्या गाळ्याचा असतो, म्हणजे दोन आधारांमधल्या भागाचा. हे दाखवायला नवं गणित लागत नाही. कॅन्टिलिव्हर आणि सिंपली सपोर्टेड तुळई यांची कोणत्याही हँडबुकात मिळणारी सूत्रं नीट जोडली की पुरतं.

एक ठरावीक उदाहरण घेऊ. डावीकडे आधार A, त्यापासून ४ मीटरवर आधार B आणि B च्या पुढे १.५ मीटरवर मोकळं टोक C. A आणि B मधला गाळा L, ओव्हरहँग a. दोन्ही आधार तुळईला वर-खाली जाऊ देत नाहीत, पण फिरू देतात. तुळई पोलादी आहे, E २०० गिगापास्कल. I २,००० सेंमी⁴ धरू, म्हणजे EI बरोबर ४,००० किलोन्यूटन-मीटर² येतो आणि आकडे सुटसुटीत राहतात. टोकावरचा भार P १० किलोन्यूटन आहे, ढोबळ मानाने एक टन वजन.

आता तुळई B पाशी मनातल्या मनात कापायची. उजवीकडचा तुकडा B पाशी भिंतीत पक्का बसवला आहे असं समजा. तो झाला १.५ मीटरचा कॅन्टिलिव्हर आणि त्याचं टोक Pa³/3EI इतकं खाली जातं. आकडे घातले की २.८१ मिमी येतात. इथेच थांबणारे पुष्कळ असतात, आणि त्यांचं उत्तर खऱ्या उत्तराच्या पाव हिश्श्याहून जेमतेम जास्त भरतं.

कारण B पाशी भिंत नाही. तिथे तुळई अखंड आहे आणि तिच्या खाली फक्त एक आधार आहे. कॅन्टिलिव्हरच्या मुळाशी जी पकड आपण गृहीत धरली ती मागच्या गाळ्याने पुरवायची आहे, आणि ती पुरवताना गाळा स्वतः वाकतो. म्हणून टोकावरचा भार उचलून B वर आणून ठेवायचा. मात्र भार जागेवरून हलवला की सोबत मोमेंट द्यावा लागतो, इथे P × a, म्हणजे १५ किलोन्यूटन-मीटर. यातला १० किलोन्यूटनचा भार B च्या आधारात सरळ उतरतो आणि गाळ्याला वाकवत नाही. गाळ्याच्या वाट्याला येतो तो फक्त मोमेंट.

सिंपली सपोर्टेड तुळईच्या एका टोकाला M मोमेंट लावला तर त्याच टोकाशी उतार ML/3EI येतो आणि पलीकडच्या टोकाशी ML/6EI. आपल्याला B पाशी हवा आहे आणि मोमेंटही B पाशीच आहे, म्हणून भागाकारात ३ घ्यायचे. १५ गुणिले ४ भागिले १२,००० बरोबर ०.००५ रेडियन. B पाशी तुळई इतकी फिरली की पुढचा १.५ मीटरचा भाग आणखी न वाकताही तिच्याबरोबर फिरतो आणि त्याचं टोक ०.००५ × १.५, म्हणजे ७.५ मिमी खाली येतं.

दोन्ही मिळून १०.३१ मिमी. अक्षरांत मांडलं तर असं:

```
δ = Pa³/3EI + (PaL/3EI)·a = Pa²(L + a)/3EI
```

सूत्र पडताळायची एक झटपट रीत आहे. L शून्य केला तर मागचा गाळा उरत नाही आणि निव्वळ कॅन्टिलिव्हरचं सूत्र उरायला हवं. तसंच ते उरतं. दुसरी गंमत सूत्राच्या पोटातच आहे: B च्या फिरण्यामुळे आलेलं डिफ्लेक्शन आणि कॅन्टिलिव्हरचं डिफ्लेक्शन यांचं गुणोत्तर नेमकं L/a असतं. आपल्या तुळईत ते ४ ला १.५, म्हणजे २.६७. ओव्हरहँग गाळ्याहून आखूड असेल, आणि सहसा तो असतोच, तर मागच्या गाळ्याचा वाटा नेहमीच मोठा.

याचा उपयोग टोक जास्त हलतं अशी तक्रार आली की होतो. पहिला विचार ओव्हरहँगला पट्ट्या जोडून तो ताठ करायचा असतो. समजा तेवढ्याच भागाचा I दुप्पट केला. २.८१ चे १.४१ होतील, ७.५ जसेच्या तसे राहतील, एकूण ८.९१ मिमी. मेहनत बरीच, फायदा दीड मिलिमीटरही नाही. उलट गाळ्याचा I दुप्पट केला तर ७.५ चे ३.७५ होतात आणि एकूण ६.५६ मिमी राहतात. दोन पदं वेगळी ठेवण्याचा खरा फायदा हाच आहे. ती एकत्र करून एकच नीटनेटकं सूत्र पाठ केलं की नेमकी ही गोष्ट दिसेनाशी होते.

आता गाळ्यावर भार आला तर काय होतं ते पाहू. A ते B वर दर मीटरला ६ किलोन्यूटन असा सारखा पसरलेला भार w ठेवला. गाळा खाली झुकतो, B पाशी तुळई उलट दिशेने फिरते आणि टोक वर उचललं जातं. सिंपली सपोर्टेड तुळईच्या टोकाचा उतार wL³/24EI, म्हणजे इथे ०.००४ रेडियन. ओव्हरहँगवर या भारातलं काहीच नाही, म्हणून तो सरळच राहतो आणि टोक ०.००४ × १.५ = ६ मिमी वर जातं. इथे कॅन्टिलिव्हरचं पद नसतंच. सवयीने ते घातलं की उत्तर बिघडतं.

हाच पसरलेला भार ओव्हरहँगवरही असेल तर त्या भागासाठी पुन्हा दोन पदं येतात. कॅन्टिलिव्हरचं wa⁴/8EI म्हणजे ०.९५ मिमी. B पाशी मोमेंट wa²/2, म्हणजे ६.७५ किलोन्यूटन-मीटर, त्याने उतार ०.००२२५ आणि टोक ३.३८ मिमी खाली. बेरीज ४.३२ मिमी खाली. गाळ्यावरच्या भारामुळे आलेले ६ मिमी वर. म्हणजे तुळईवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा भार असताना तिचं मोकळं टोक १.६८ मिमी वर जातं! पहिल्यांदा हा आकडा समोर आला की चिन्ह चुकलं असं वाटून लोक ते बदलतात. चिन्ह बरोबर असतं. टोक वर जाणार की खाली हे a/L वर ठरतं, आणि सीमा ०.४३४ वर आहे. आपल्या तुळईत ते ०.३७५ आहे, म्हणून टोक वर. ओव्हरहँग सुमारे १.७४ मीटर केला तर टोक जागेवरून हलणारच नाही आणि त्याहून लांब केला तर खाली जाईल.

सगळे भार एकदम असतील तर १०.३१ मधून १.६८ वजा, म्हणजे टोक ८.६३ मिमी खाली. पण डिझाइन करताना हा आकडा धरून चालत नाही. गाळ्यावरचा भार येणारा-जाणारा असेल तर तो नसतानाची वेळ टोकासाठी वाईट असते, कारण तो टोकाला वर धरत होता. त्यामुळे भारांची बेरीज करण्याआधी कोणता भार कायमचा आणि कोणता काढता येण्याजोगा हे ठरवून, टोकाला वर नेणारे काढता येण्याजोगे भार गाळूनही एकदा उत्तर काढायचं.

चुका साधारण त्याच त्याच होतात. ML/3EI च्या जागी ML/6EI घेतला तर ७.५ ऐवजी ३.७५ येतात. उतार अंशांत ठेवून a ने गुणला तर उत्तर सत्तावन्न पटींच्या आसपास फुगतं. I सेंमी⁴ मध्ये आणि लांबी मिमीमध्ये राहिली तर दहाच्या चौथ्या घाताचा घोळ होतो. उत्तर बघून हे पकडणं अवघड नाही, पण सर्वांत चांगली पारख वाकलेल्या तुळईचं चित्र काढण्यात आहे. B पाशी रेषेला कोपरा आला, म्हणजे डावीकडे एक उतार आणि उजवीकडे दुसरा, तर कुठेतरी फिरणं विसरलं आहे. अखंड तुळईत दोन्ही बाजूंचा उतार एकच असतो. शिवाय टोकावर एकटाच भार असताना गाळा खाली नव्हे, वर फुगलेला दिसला पाहिजे. आपल्या तुळईत गाळ्याचा मध्य ३.७५ मिमी वर असतो. प्रयोगशाळेत दुसरा डायल गेज तिथे लावला तर काटा उलट फिरतो.

ही सगळी बेरीज चालते ती डिफ्लेक्शन भाराच्या प्रमाणात वाढतं म्हणून. काँक्रीटला तडे जायला लागले की भार वाढेल तसा I घटतो आणि वेगवेगळे काढलेले आकडे जुळेनासे होतात. तुळईच्या खोलीच्या मानाने फार आखूड ओव्हरहँगमध्ये शिअरमुळे होणारं डिफ्लेक्शनही दखल घेण्याइतकं असतं आणि ते या सूत्रांत नाही.

आधार खाली बसणं मात्र याच रीतीने सहज जोडता येतं. B एकटा २ मिमी बसला तर तुळई A भोवती फिरते आणि टोक २ × ५.५/४, म्हणजे २.७५ मिमी खाली जातं. आधारच दबत असेल तर EI कितीही वाढवून हा हिस्सा कमी होत नाही.

A कडे मात्र वेगळ्या कारणाने पाहावं लागतं. टोकावरचा भार एकटा असेल तर A ला तुळई खाली ओढून धरावी लागते, आपल्या उदाहरणात ३.७५ किलोन्यूटनने. तुळई A वर नुसती टेकलेली असेल तर ही ओढ कुठून येणार? गाळ्यावर पुरेसं वजन नसेल तर ती B भोवती उलथते आणि मग डिफ्लेक्शनचं सूत्र निरर्थक ठरतं. सगळे भार एकदम असताना A वरची प्रतिक्रिया ६.५६ किलोन्यूटन, वरच्या दिशेने, म्हणजे तुळई A वर टेकून राहते आणि बेरीज ग्राह्य ठरते. एखाद्या सुट्या केसमध्ये A उचलला जाताना दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. तपासायची ती एकत्र प्रतिक्रिया. A बोल्टने बांधलेला असेल आणि छिद्रात २ मिमीची ढील असेल, तर ओढ सुरू होण्याआधी A तेवढा वर येतो आणि टोक ०.७५ मिमी जास्त खाली जातं. मोजलेलं डिफ्लेक्शन हिशेबापेक्षा थोडं जास्त आलं आणि हा फरक भार दुप्पट करूनही तेवढाच राहिला, तर आधी हे बोल्ट तपासावेत.