वारीवर संशोधन करायचंय? प्रस्ताव परत येतो तो इथे

पंढरीच्या वारीवर पीएचडीसाठी क्षेत्रकार्य करायचं ठरवलेल्या विद्यार्थ्यांचे प्रस्ताव विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीकडून परत येताना मी वर्षानुवर्षं पाहते आहे. संशोधनप्रश्न, पूर्वसंशोधनाचा आढावा, मार्गदर्शकाची सही हे बहुतेकांचं नीट असतं. अडतं ते पुढच्या गोष्टींपाशी.

आधी तारीख. वारी तिथीवर चालते. देहूहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला आणि आळंदीहून अष्टमीला प्रस्थान होतं, म्हणजे आषाढीच्या अडीच-तीन आठवडे आधी. २०२५ साली आषाढी ६ जुलैला होती, २०२६ साली अधिक ज्येष्ठामुळे ती २५ जुलैला. मागच्या वर्षीच्या तारखा उतरवलेलं वेळापत्रक पहिल्याच वाचनात उघडं पडतं. शिवाय ‘आषाढीच्या आत मंजुरी’ हा हिशेब चुकीचा आहे, मंजुरी प्रस्थानाच्या आत हवी. दिंडीप्रमुखांशी बोलणं कार्तिकीतच करून ठेवा आणि अर्ज जानेवारीत द्या. समिती एकदा तरी दुरुस्ती सांगतेच.

मग तो कुणाकडेच नसलेला कागद, ‘सक्षम प्राधिकाऱ्याचे परवानगीपत्र’. अख्ख्या वारीची परवानगी देणारं कार्यालय अस्तित्वात नाही, आणि तरीही नमुन्यात तो रकाना छापलेला असतो! मुलं हेलपाटे घालून दमतात. रकाना रिकामा सोडू नका, तिथे जागेनुसार वेगळं लिहा. रस्ता सार्वजनिक आहे, तिथल्या निरीक्षणाला परवानगीपत्र लागत नाही. दिंडीत राहणार असाल तर दिंडीप्रमुखांचं साध्या कागदावरचं पत्र जोडा. पंढरपूरच्या देवळात काम करायचं असेल तर मंदिर समितीकडे स्वतंत्र अर्ज करा, आणि ते पत्र आलं नाही तर देवळाच्या आतला भाग प्रस्तावातून काढून टाका. दिंडीप्रमुखांचं पत्र म्हणजे दिंडीतल्या माणसांची संमती नव्हे, हे वाक्य प्रस्तावात आवर्जून घाला. प्रमुखांनी ‘बोला गं हिच्याशी’ म्हटल्यावर बायकांना नाही म्हणणं जड जातं.

सगळ्यात जास्त प्रस्ताव अडकतात ते संमतीपत्रावर. एका विद्यार्थिनीने दोन पानी पत्रक केलं होतं, खाली सही किंवा अंगठा. दिवे घाट चढताना ते कुणी वाचणार नव्हतं, आणि कर्जाच्या कागदावर अंगठा दिलेल्या बाईला अनोळखी कागदावर पुन्हा अंगठा द्यायची धास्ती वाटते. दुसऱ्या अर्जात तिने तोंडी संमती मागितली, सही का नको त्याचं कारण लिहिलं आणि बोलायचे शब्दच जोडले:

“माउली, मी विद्यापीठात वारीचा अभ्यास करते. तुमच्याशी अर्धा तास बोलायचंय. बोलणं नको वाटलं तर मधेच थांबवा, मला राग नाही आणि दिंडीतही कुणाला सांगणार नाही. तुमचं नाव, गाव लिहिणार नाही. आवाज टेप केला तर चालेल का? नुसतं लिहून घेऊ?”

हे मुक्कामी, जेवणं झाल्यावर, प्रत्येकीला वेगळं विचारायचं आणि उत्तर तारखेसह वहीत नोंदवायचं, असं ठरलं. समितीने ते मान्य केलं. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी मात्र पालकांची संमती वेगळी लागतेच.

नाव बदलण्याबद्दल एक सावधगिरीची सूचना. ‘रथामागे अमुक क्रमांकाची दिंडी’ असं लिहिलंत तर तिथला विणेकरी कोण हे वारकऱ्यांना लगेच कळतं. नावाबरोबर क्रमांक, फड आणि गावही झाका.

पवित्र जागांविषयी ‘संवेदनशीलता बाळगली जाईल’ एवढंच लिहिलेला प्रस्ताव परत येतो, आणि तो यायलाच हवा. काय करणार नाही ते नेमकं लिहा. विणेकऱ्याच्या गळ्यात वीणा असताना त्याची मुलाखत घेणार नाही, कारण वीणा खाली ठेवायची नसते, दुसऱ्याच्या गळ्यात दिल्याशिवाय तो मोकळा होत नाही. नीरा-चंद्रभागेच्या घाटावर स्नानाचे फोटो घेणार नाही. पायावर डोकं ठेवून रडणाऱ्या माणसाकडे कॅमेरा वळवणार नाही. समाजआरतीला चोपदाराने दंड उंचावला की सगळे शांत होतात, पण तक्रार असलेली दिंडी टाळ वाजवत राहते. ती तक्रार तुमच्या कानावर पडेल, मात्र संबंधितांना विचारल्याशिवाय प्रबंधात घेणार नाही, असंही लिहा.

तुळशीमाळेचा मुद्दा अर्जात कुणी मांडत नाही, पण समितीने विचारायच्या आत तुम्हीच मांडा. माळ घालणं म्हणजे मांस-मद्य सोडणं, एकादशी करणं, वारी चुकवू नये असा नेम घेणं. लोक लवकर मोकळे व्हावेत म्हणून माळ घातली, तर ती त्यांची फसवणूक ठरते. आधीपासून माळकरी असाल तर तसं लिहा, नसाल तर ‘माळ घालणार नाही, विचारल्यास खरं सांगेन’ असं लिहा.

शेवटी पैसे. दिंडीत जेवण आणि तंबूसाठी भिशी भरावी लागते आणि तिचं जीएसटी बिल मिळत नाही. दिंडीची पावती चालेल का, हे लेखा विभागाला अर्ज करण्याआधी लेखी विचारा आणि ते उत्तर अंदाजपत्रकाला जोडा.