कचरा डेपोची ड्रोन मोजणी: प्रस्ताव आणि बिलं कुठे अडकतात, कोणती कागदपत्रं लागतात

स्वच्छ भारत अभियान (नागरी) २.० मध्ये जुन्या साचलेल्या कचऱ्याच्या बायोमायनिंगसाठी, म्हणजे तो खणून, चाळून वेगळा करण्यासाठी मिळणारा पैसा टनावर ठरतो. प्रतिटन ५५० रुपये खर्च धरला जातो. त्यात केंद्राचा वाटा एक लाखाखालच्या शहरांना ५० टक्के, एक ते दहा लाखांच्या शहरांना ३३ टक्के आणि त्याहून मोठ्या शहरांना २५ टक्के असतो. पण पंचवीस वर्षं साचलेला ढीग वजनकाट्यावर चढत नाही. त्याचे घनमीटर मोजावे लागतात आणि त्यांना घनतेने गुणून टन काढावे लागतात. ड्रोन मोजणी लागते ती यासाठी, आणि प्रस्ताव परत येतात तेही बहुतेक वेळा याच मोजणीतल्या दोन-तीन ठरावीक चुकांमुळे.

नेहमीची कागदपत्रं

सातबारा, भूमी अभिलेखची मोजणीची क प्रत, जागा ताब्यात असल्याचा पुरावा आणि सभेचा ठराव. ड्रोनचा नोंदणी क्रमांक आणि उडवणाऱ्याचं रिमोट पायलट प्रमाणपत्र. दोन किलोपर्यंतच्या ड्रोनला प्रमाणपत्र लागत नाही असं एजन्सी ठामपणे सांगते, पण ड्रोन नियम २०२१ मधली ती सूट बिगरव्यावसायिक वापरापुरती आहे. नगरपरिषदेने पैसे देऊन केलेलं काम व्यावसायिकच असतं. हवाई क्षेत्राच्या नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रात १२० मीटरपर्यंत उडवायला परवानगी लागत नाही. मात्र विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा निम्मी, म्हणजे २०० फूट आहे आणि त्याहून जवळ परवानगीशिवाय उडवता येत नाही. उड्डाणाच्या दिवशीचा हवाई क्षेत्राचा नकाशा छापून फाइलला लावा. स्थानिक पोलीस ठाण्याला पत्र द्या आणि त्याची पोच जपून ठेवा.

कुणाकडेच नसलेला कागद: मूळ जमिनीची पातळी

ढिगाचं आकारमान म्हणजे वरचा पृष्ठभाग वजा खालची जमीन. वरचा पृष्ठभाग ड्रोन देतो. खालची जमीन कचऱ्याखाली गाडलेली असते आणि कचरा टाकायला सुरुवात करण्याआधी तिथल्या पातळ्या कुणी घेतलेल्या नसतात. तपासणी यादीत मात्र 'मूळ भूपातळी नकाशा' हा रकाना असतोच. अस्तित्वातच नसलेला कागद मागून फाइल महिनोन् महिने अडवून ठेवण्यात काय साधतं, ते रकाना आखणाऱ्यांनाच ठाऊक. या रकान्यात 'उपलब्ध नाही' असं लिहून थांबू नका. तळ कसा धरला याचं टिपण जोडा, ते चालतं.

ढिगाच्या पायथ्याच्या कडेने बिंदू घेऊन त्यांच्यामध्ये तळ ताणायचा, ही सगळ्यात सोपी पद्धत. सपाट माळरानावर ती पुरते. पण आपल्याकडचे कितीतरी डेपो जुन्या दगडखाणीत, ओढ्याकाठी नाहीतर खोलगट जागेत आहेत. तिथे पायथ्यावरून धरलेला तळ खऱ्या तळाच्या वर तरंगत राहतो आणि खालचा कचरा हिशेबातून गळतो. म्हणून ढिगावर तीन-चार ठिकाणी पोकलेनने मुरूम लागेपर्यंत चर खणा. मुरमाची पातळी त्याच सर्वेक्षण यंत्राने घ्या, पंचनामा करा आणि मोजपट्टी दिसेल असा फोटो काढा.

समजा डेपो ३.२ हेक्टरचा आहे आणि पायथ्यावरून काढलेली सरासरी उंची ४ मीटर आली. आकारमान झालं १,२८,००० घनमीटर. चर खणल्यावर एका कोपऱ्यात ४,००० चौरस मीटरची जुनी खाण सापडली, सरासरी ३ मीटर खोल. म्हणजे १२,००० घनमीटर वाढले. घनता ०.८ धरली तर ९,६०० टन, आणि ५५० रुपयांच्या दराने ५२ लाख ८० हजार रुपये. चर खणले नसते तर हे काम मंजुरीबाहेर राहिलं असतं आणि ठेकेदार अर्ध्यातच मशीन बंद करून उभा राहिला असता.

घनताही पुस्तकातून उचलू नका. अंदाजे दोन मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या, त्याचं आकारमान मोजा आणि निघालेला सगळा माल टिपरने काट्यावर न्या. ८.२ घनमीटरच्या खड्ड्यातून ६,५६० किलो निघाले तर घनता ०.८. वरचा थर सैल असतो आणि खालचा दबलेला, म्हणून खड्डे वेगवेगळ्या खोलीवर घ्या. पावसाळ्यात घेतलेली घनता पाण्याचं वजन मोजते. ती प्रस्तावात धरू नका.

'कामापूर्वी' या शब्दाचा अर्थ

पायाभूत मोजणी कामापूर्वी करायची, असं निविदेत असतं. हे बरेच जण 'पहिल्या बिलापूर्वी' असं वाचतात. तोवर ठेकेदाराने रस्ता काढलेला असतो, ट्रॉमेल, म्हणजे कचऱ्याची फिरती चाळणी, बसवायला ढिगाचं एक टोक सपाट केलेलं असतं आणि माल इकडचा तिकडे झालेला असतो. पोकलेन ढिगाला लागण्याच्या आधी उड्डाण झालं पाहिजे, आणि कार्यारंभ आदेशाची व उड्डाणाची तारीख शेजारी-शेजारी दिसली पाहिजे. शक्यतो मार्च ते मे मध्ये उडवा. पावसानंतर ढिगावर कमरेएवढं गवत, एरंड, घाणेरी माजते. ड्रोनला पानांचा माथा दिसतो, जमीन दिसत नाही, आणि कॅमेऱ्यासाठी ते गवतही कचराच ठरतं. झाडोरा असलाच तर आधी कापा, मग उडवा.

उंची न जुळणे: बिलं परत येण्याचं खरं कारण

मंजुरी मिळाल्यावर मोजायचं असतं ते ढीग किती घटला. इथे मूळ तळाची अडचण येत नाही. पहिल्या उड्डाणाच्या पृष्ठभागातून दुसऱ्याचा वजा केला की तळ आपोआप हिशेबातून निघून जातो. पण दोन्ही पृष्ठभाग एकाच उंचीच्या संदर्भात नसतील, तर वजाबाकीला काही अर्थ उरत नाही. ३.२ हेक्टरवर फक्त १० सेंटिमीटरची चूक म्हणजे ३,२०० घनमीटर, २,५६० टन, १४ लाख रुपये.

ही चूक कुठून येते? एका वेळी एजन्सीने जमिनीवरचे नियंत्रण बिंदू, म्हणजे ठिकाण आणि उंची अचूक मोजलेल्या खुणा, घेतलेले असतात, दुसऱ्या वेळी 'ड्रोनमध्येच आरटीके आहे', म्हणजे जीपीएसची चूक तो उडतानाच दुरुस्त करतो, म्हणून घेतलेले नसतात. किंवा एकाने उंची समुद्रसपाटीपासून धरलेली असते आणि दुसऱ्याने जीपीएसची कच्ची उंची. महाराष्ट्रात या दोहोंत ५० मीटरहून जास्त फरक आहे. तो लगेच दिसतो, पण मग कुणीतरी अंदाजाने आकडा सरकवतो आणि पाच-दहा सेंटिमीटर आतच राहून जातात. विदर्भात आणखी एक भानगड असते. नकाशासाठी पृथ्वीचे जे उभे पट्टे पाडलेत, त्या यूटीएमच्या ४४ व्या पट्ट्यात नागपूर, वर्धा, चंद्रपूर येतात (EPSG:32644), अमरावती, अकोल्यापासून पश्चिमेचा महाराष्ट्र ४३ व्या (EPSG:32643). एजन्सी पुण्याची असली की ४३ तसाच राहून जातो.

उपाय साधा आहे. ढिगाबाहेर, पक्क्या जमिनीवर, पाच-सहा काँक्रीटचे खुंट कायमचे रोवा आणि प्रत्येक उड्डाणाला तेच वापरा. कुंपणाच्या भिंतीवर खूण करू नका, पोकलेनचा धक्का लागून ती हलते. ढिगाच्या माथ्यावरही दर वेळी दोन तात्पुरत्या खुणा हव्यात, नाहीतर मधला भाग फुगतो. आणखी तीन बिंदू मोजून ठेवा, पण प्रक्रियेत वापरू नका. अहवालात या तपासणी बिंदूंची उभी चूक लिहिलेली हवी. ती पाच सेंटिमीटरपर्यंत असेल तर ठीक, आणि ती लिहिलीच नसेल तर अहवाल परत पाठवा.

उड्डाण ६० ते ८० मीटरवरून, छायाचित्रांचं एकमेकांवर पुढचं आच्छादन ८० आणि बाजूचं ७० टक्के ठेवा. सकाळी धूर कमी असतानाची वेळ निवडा. ऊन चढलं की घारी वर घिरट्या घालतात आणि ड्रोनवर झडप घालतात. लिचेटचं, म्हणजे कचऱ्यातून झिरपलेल्या पाण्याचं डबकं असेल तर त्याची पातळी हाताने मोजा, कारण पाण्यावर छायाचित्रं एकमेकांशी जुळत नाहीत आणि नकाशात तिथे खोटे उंचवटे उमटतात.

आलेल्या फाइली स्वतः तपासा. अहवालाची पीडीएफ पुरेशी नाही. मूळ छायाचित्रं, दोन्ही पृष्ठभाग, हद्दीची फाइल आणि खुंटांची यादी करारातच मागून घ्या. दोन्ही उड्डाणांना हद्द एकच वापरा आणि जीडीएएलच्या या आज्ञांनी दोन्ही पृष्ठभाग हद्दीपुरते कापून वजा करा:

```
gdalwarp -cutline hadd.geojson -crop_to_cutline -tr 0.1 0.1 -dstnodata -9999 dsm_mar.tif a.tif
gdalwarp -cutline hadd.geojson -crop_to_cutline -tr 0.1 0.1 -dstnodata -9999 dsm_jun.tif b.tif
gdal_calc.py -A a.tif -B b.tif --calc="A-B" --outfile=farak.tif
```

क्यूजीआयएसमध्ये `farak.tif` उघडली की प्रत्येक चौकोन १० सेंटिमीटरचा, म्हणजे ०.०१ चौरस मीटरचा असतो. सगळ्या फरकांची बेरीज गुणिले ०.०१ केलं की घनमीटर मिळतात. पण बेरजेआधी डेपोचा डांबरी रस्ता नाहीतर शेडची फरशी बघा. तिथे काहीच बदललेलं नाही, त्यामुळे फरक शून्याच्या आसपास हवा. तिथे सगळीकडे १२ सेंटिमीटर दिसत असेल तर ढीग घटलेला नाही, उंचीचा संदर्भ सरकला आहे. ही एक तपासणी करूनच बिल पुढे सरकवा. (रस्ता हद्दीबाहेर असेल तर तपासणीसाठी हद्द मोठी घ्या.)

घट म्हणजे नेमकं काय

आपल्याच उदाहरणात तीन महिन्यांनी जुना ढीग ३२,००० घनमीटरने घटला. पण त्याच आवारात चाळून निघालेल्या मातीचा ६,५०० घनमीटरचा आणि प्लास्टिक-चिंध्यांचा, म्हणजे आरडीएफचा, ३,००० घनमीटरचा ढीग उभा आहे. पूर्ण हद्दीची वजाबाकी केली तर घट येते २२,५०० घनमीटर. ठेकेदार पहिला आकडा सांगतो, लेखापरीक्षक दुसरा, आणि दोघंही खरं बोलत असतात. म्हणून दोन्ही आकडे वेगळ्या हद्दींसह मोजमाप पुस्तिकेत लिहा. उपसा ३२,००० आणि आवाराबाहेर गेलेला माल वेगळा. आरडीएफ सिमेंट कारखान्यात गेल्याच्या पावत्या आल्याखेरीज जागा मोकळी झाली असं लिहू नका. कोपऱ्यात रचून ठेवलेलं आरडीएफ पुढच्या उन्हाळ्यात पेटतं.

उपसा गुणिले ०.८ म्हणजे २५,६०० टन. ट्रॉमेलला घातलेल्या मालाची काट्यावरची नोंद याच्या जवळपास हवी. थोडा फरक ओलाव्यामुळे राहतोच. काट्यावर १५,००० आणि ड्रोनवर २५,६०० असेल, तर डेपोला लागलेली आग आठवून बघा. जळालेला ढीगही आकाशातून स्वच्छ झालेल्या ढिगासारखाच दिसतो. उलट काट्याचा आकडा बराच मोठा असेल, तर शहराचा रोजचा ताजा कचरा त्याच ढिगावर पडतोय का ते बघा. रोज २० टन टाकले तर ९० दिवसांत १,८०० टन होतात, आणि सैल असल्यामुळे ते तीन-चार हजार घनमीटर जागा अडवतात. तेवढी घट ठेकेदाराच्या खात्यातून कापली जाते आणि भांडण सुरू होतं. ताज्या कचऱ्याची जागा पहिल्या उड्डाणाआधीच वेगळी करून हद्दीबाहेर काढा.

शेवटच्या बिलासाठी तळाचा मुरूम उघडा पडल्यावर एक उड्डाण ठेवा आणि ते निविदेतच लिहा. सुरुवातीला कुणाकडेच नसलेली मूळ जमिनीची पातळी तेव्हा पहिल्यांदा समोर येते. पहिल्या पृष्ठभागातून ती वजा केली की एकूण आकारमान अंदाजाशिवाय मिळतं. मंजूर आकडा आणि हा आकडा यांतला फरक सकारण लिहून त्रयस्थ तपासणी अहवालासोबत जोडा.