यूपीआयच्या स्क्रीनशॉटवरून खर्चाची प्रतिपूर्ती: अर्जात काय भरायचं, कुठून घ्यायचं

ऑफिसच्या कामासाठी खिशातून खर्च केला आणि पैसे यूपीआयने दिले, तर प्रतिपूर्तीच्या अर्जात चार नोंदी लागतात: संदर्भ क्रमांक, रक्कम, तारीख आणि व्यवहाराची स्थिती. स्क्रीनशॉट जोडला की झालं, असं वाटतं. पण पैसे गेल्या गेल्या हिरवी खूण असलेला जो पडदा येतो, त्यावर पुष्कळदा संदर्भ क्रमांकच नसतो. म्हणून स्क्रीनशॉट तिथला नको. अ‍ॅपच्या हिस्टरीत जा, तो व्यवहार उघडा आणि तपशिलाच्या पडद्याचा घ्या.

अर्ज कोणाला करता येतो, हे ज्याच्या त्याच्या ऑफिसच्या नियमांवर असतं. साधारणपणे खर्च मंजूर कामाचा हवा, मुदतीत मागितलेला हवा आणि पैसे अर्जदाराच्या स्वतःच्या खात्यातून गेलेले हवेत. घरातल्या दुसऱ्या कोणाच्या फोनवरून पैसे दिले असतील, तर अर्ज भरण्याआधीच लेखा विभागाशी बोलून घ्या. कागदपत्रं तीन: बिल, तपशिलाचा स्क्रीनशॉट आणि ती डेबिटची ओळ असलेलं बँक स्टेटमेंटचं पान. बाकीच्या ओळी झाकल्या तरी चालतात का, तेही विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी चालतं.

सगळ्यात जास्त घोळ संदर्भ क्रमांकाचा. एकाच पडद्यावर दोन क्रमांक असतात. गूगल पेवर `UPI transaction ID` आणि `Google transaction ID`, फोनपेवर `UTR` आणि T ने सुरू होणारा `Transaction ID`. आपल्याला हवा तो १२ अंकी, नुसत्या आकड्यांचा. बँक स्टेटमेंटमध्ये तोच शोधता येतो. दुसरा क्रमांक अ‍ॅपचा स्वतःचा, बँकेला त्याचं काही नाही. टाइप करत बसू नका, कॉपी करा. आणि एक्सेलच्या तक्त्यात भरत असाल तर तो रकाना आधी Text करून ठेवा. नाहीतर १२ अंकी क्रमांक 4.12E+11 असा दिसतो, आणि सुरुवातीला शून्य असेल तर ते उडून जातं.

रक्कम ही सोपी गोष्ट, पण स्क्रीनशॉटमधला मजकूर ओसीआरने वाचून तक्ता भरला जात असेल तर इथेच डोळे उघडे ठेवायला हवेत. ₹ हे चिन्ह वाचताना ओसीआर कधी कधी त्याचा ७ किंवा २ करतं. समजा टॅक्सीचे ६४० रुपये दिले. पडद्यावर `₹640` आहे, तक्त्यात उतरलं 7640. आकडा दिसायला बरोबर वाटतो, त्यामुळे नुसत्या नजरेखालून घालून चूक सापडत नाही. बिलावर ६४०, स्टेटमेंटवर ६४०.००, तक्त्यात ७६४०, असं शेजारी शेजारी ठेवलं की लगेच कळतं. अक्षरात लिहिलेली रक्कम पडद्यावर असेल, तर तीही ताडून पाहा. बिल आणि भरलेली रक्कम वेगळी असेल, सवलत कापली गेली असेल, तर खात्यातून प्रत्यक्ष गेली तीच मागायची.

तारखेबद्दल एकच. फोनच्या वरच्या पट्टीतली वेळ ही स्क्रीनशॉट काढल्याची, व्यवहाराची नाही. ३१ मार्चला रात्री ११.५० ला पैसे दिले आणि स्क्रीनशॉट १ एप्रिलला घेतला, तर नोंद ३१ मार्चचीच. वर्षाची हद्द ओलांडताना हा फरक महागात पडतो. तारीख लिहिताना महिना अक्षरात लिहिला की ०३/०४ म्हणजे एप्रिल की मार्च, हा वाद उरत नाही.

स्थिती `Success` किंवा `Completed` असेल तेव्हाच अर्ज करा. `Pending` असेल तर थांबा. खात्यातून पैसे गेले पण समोरच्याला मिळाले नाहीत, अशा व्यवहारासाठी रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकात मुदत ठरलेली आहे: व्यक्तीला पाठवलेले पैसे व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, दुकानदाराला दिलेले पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. तेवढ्यात स्थिती बदलते. बदलली की नवा स्क्रीनशॉट घ्या आणि जुना जोडू नका.

आणखी एक प्रकार स्क्रीनशॉटवर पुष्कळदा दिसत नाही. ऑर्डर रद्द झाली आणि दुकानदाराने पैसे परत केले, तरी मूळ व्यवहार `Success`च राहू शकतो, कारण परतावा खात्यात वेगळी जमा म्हणून येतो. म्हणूनच लेखा विभाग स्टेटमेंटचं पान मागतो. अर्धी रक्कम परत आली असेल, तर उरलेल्याच रकमेचा अर्ज करायचा आणि परताव्याची जमेची ओळही सोबत दाखवायची.